शाखाग्रंथालयांतील देवघेव-नोंदींचा रात्रीचा मेळ

एकाच संस्थेच्या वेगवेगळ्या गावांतील शाखाग्रंथालयांत दिवसभर झालेल्या ग्रंथांच्या देवघेवीच्या नोंदी रात्री एकत्र करून दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व शाखांना एकसारखी माहिती उपलब्ध करून देण्याच्या क्रियेस देवघेव-नोंदींचा मेळ घालणे असे म्हणता येईल. या क्रियेची खरी कसोटी एका शाखेतून नेलेला ग्रंथ दुसऱ्या शाखेत परत केला जातो तेव्हा लागते. अशा वेळी ग्रंथ देण्याची नोंद एका ठिकाणी आणि परतीची नोंद दुसऱ्या ठिकाणी असते. या दोन्ही नोंदी योग्य क्रमाने जुळल्या नाहीत, तर ग्रंथ परत करूनही वाचक थकबाकीदार ठरतो.

पार्श्वभूमी : कार्डांवर चालणाऱ्या देवघेवीत दुसऱ्या शाखेत ग्रंथ परत घेणे फारच अडचणीचे होते. ब्राउन पद्धतीत वाचकाच्या खिसेवजा तिकिटात ग्रंथाचे कार्ड घालून ती जोडी ग्रंथ देणाऱ्या शाखेच्या तबकात तारीखवार लावली जाते. ग्रंथ परत आला की कार्ड ग्रंथात आणि तिकीट वाचकाच्या हाती जाते. साताऱ्याहून नेलेला ग्रंथ सांगलीत परत केला, तर तिकीट मात्र साताऱ्याच्या तबकातच राहणार. म्हणजे वाचकाला पोचपावती म्हणून देण्यासारखे सांगलीच्या कर्मचाऱ्याजवळ काही नसे. संगणकावर नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यावर तिकिटाची जागा नोंदीने घेतली आणि नोंद तारायंत्रणेतून पाठविता येऊ लागली. त्यासाठी रात्रीची वेळ निवडण्यास दोन कारणे होती : एक तर त्या वेळी देवघेव बंद असल्याने नोंदी स्थिर असत, दुसरे म्हणजे भारतात १९९० च्या दशकात परगावच्या दूरध्वनीचा दर रात्री उशिरा दिवसाच्या एक चतुर्थांशावर येई.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये या शाखा नव्हेत. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या सांगली नगर वाचनालयासारखी ग्रंथालये स्वतंत्र संस्था असून, महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये अशा संस्थांना शासनमान्यता व अनुदान मिळते. त्यांचे सभासद आणि ग्रंथसंग्रह वेगळे असल्यामुळे एका ग्रंथालयाचा ग्रंथ दुसऱ्यात परत करण्याचा प्रश्न सहसा उद्‌भवत नाही. ज्या संस्थेच्या शाखा दोन्ही जिल्ह्यांत असून सभासदत्व सामाईक आहे, तिच्यातच हा मेळ घालावा लागतो. पुढील विवेचनासाठी अशा एका कल्पित संस्थेची सातारा व सांगली येथे एकेक शाखा आहे असे मानले आहे.

ग्रंथाचे तीन तपशील : प्रत्येक ग्रंथाच्या नोंदीत तीन गोष्टी स्वतंत्रपणे ठेवाव्या लागतात. ग्रंथ कोणत्या शाखेच्या मालकीचा आहे, तो सध्या कोठे आहे आणि त्याची अवस्था काय आहे, म्हणजे तो फळीवर आहे, वाचकाकडे आहे की एका शाखेहून दुसरीकडे जाण्याच्या वाटेवर आहे. न्यूझीलंडमध्ये तयार होऊन २००० मध्ये वापरात आलेल्या ‘कोहा’ या मुक्त ग्रंथालय-प्रणालीत पहिल्या दोन तपशिलांसाठी homebranch व holdingbranch असे वेगळे रकाने आहेत. दोहोंसाठी एकच रकाना ठेवला, तर सांगलीत परत आलेला ग्रंथ एकतर सांगलीच्या मालकीचा होऊन बसतो किंवा साताऱ्याच्या फळीवर असल्याचे दाखविले जाते आणि साताऱ्याचा वाचक तो व्यर्थ शोधीत राहतो.

मेळाची रीत : मेळ घालताना शाखांनी एकमेकींना अंतिम स्थिती न पाठविता घटना पाठविणे आवश्यक असते. रोज रात्री साताऱ्याचा संपूर्ण तक्ता सांगलीच्या तक्त्यावर उतरविला, तर साताऱ्याला अद्याप ठाऊक नसलेली सांगलीची परत पुसली जाते. म्हणून प्रत्येक शाखा दिवसभरातील देणे, परत व मुदतवाढ यांची फाइल तयार करते. तिच्यातील प्रत्येक ओळीत शाखेचा अनुक्रमांक, तारीख व वेळ, ग्रंथाचा दाखल क्रमांक आणि देण्याच्या नोंदीत सभासद क्रमांक असतो. मध्यवर्ती संगणक सर्व शाखांच्या फायली आधी गोळा करतो, त्यांतील ओळी वेळेच्या क्रमाने एकत्र लावतो आणि मगच मुख्य तक्त्यात एकेक घटना चढवितो. शेवटी ताज्या तक्त्याची प्रत शाखांकडे परत जाते.

या क्रमाचे महत्त्व एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. साताऱ्याच्या मालकीचा दाखल क्रमांक ४१७२ चा ग्रंथ १७ जून रोजी सकाळी १० वाजता साताऱ्यातून एका वाचकाने नेला. त्याच दिवशी तो सांगलीस गेला आणि सायंकाळी ५ वाजून २० मिनिटांनी त्याने तो तेथे परत केला. सांगलीच्या संगणकावरील प्रत आदल्या रात्रीची असल्यामुळे तेथे हा ग्रंथ ‘साताऱ्यात, फळीवर’ असाच दिसतो. संगणकाला ग्रंथ दिल्याची माहिती नाही म्हणून परत नाकारणे येथे चूक ठरते. ग्रंथ प्रत्यक्ष समोर आहे, हा पुरावा तक्त्यापेक्षा बलवत्तर होय. कर्मचारी परत नोंदवितो, वाचकाला पावती देतो आणि ग्रंथ पाठवणीच्या पेटीत ठेवतो.

रात्री मध्यवर्ती संगणकाने सांगलीची फाइल प्रथम चढविली आणि साताऱ्याची नंतर, तर काय होईल? परतीच्या ओळीला जुळणारे देणे तक्त्यात नसल्याने ती वाया जाईल. त्यानंतर देण्याची ओळ चढेल आणि ग्रंथ वाचकाच्या नावे कायमचा राहील. दोन्ही फायली एकत्र करून वेळेप्रमाणे लावल्यास आधी १० वाजताचे देणे आणि मग ५.२० ची परत चढते व नोंद मिटते. कोहामध्ये तारजोडणी नसताना झालेली देवघेव लगेच चढविण्याऐवजी रांगेत ठेवण्याची सोय आहे. अनेक संगणकांच्या नोंदी एकत्र करूनच त्यांवर प्रक्रिया व्हावी, हा तिचा हेतू आहे.

मेळानंतर ग्रंथाची मालकी सातारा, स्थान सांगली आणि अवस्था ‘वाटेवर’ अशी नोंद होते. साताऱ्यात त्यासाठी कोणी मागणी नोंदविली असल्यास सकाळी सांगलीच्या पाठवणी-यादीत तो अग्रक्रमाने येतो. साताऱ्यास पोचल्यावर तेथे त्याची पुन्हा नोंद केली जाते आणि तेव्हाच तो फळीवर आल्याचे मानतात. पाठवणी-नोंद झाल्यानंतर आठवडाभरात पोच न झालेल्या ग्रंथांची यादी वेगळी काढल्यास पेटीतून गहाळ झालेला किंवा पोचूनही न नोंदविलेला ग्रंथ उघडकीस येतो.

चुका व त्यांची ओळख : तीन प्रकारच्या चुका विशेष आढळतात. पहिली घड्याळाची. संगणकातील लहान बॅटरी संपली, की त्याची तारीख कित्येकदा मूळ आरंभीच्या तारखेवर, जुन्या यंत्रांत १ जानेवारी १९८० वर, जाते. अशा यंत्रावरील परत तिच्या देण्याच्या आधीची ठरून निष्फळ होते. म्हणून जुळणारे देणे न सापडलेल्या परतींची यादी दर सकाळी पाहिली पाहिजे. एरवी दोनचार ओळींची असणारी ही यादी एका शाखेसाठी एकदम लांबली, तर दोष वाचकांत नसून त्या शाखेच्या घड्याळात किंवा फायलींच्या क्रमात असतो.

दुसरी चूक पुनरावृत्तीची. तार मध्येच तुटल्यामुळे एकच फाइल दोनदा पाठविली जाते. वरवर पाहता एक परत दोनदा नोंदली गेल्याने काही बिघडू नये. परंतु सांगलीने १७ जूनला परत घेतलेला एखादा ग्रंथ १८ जूनला दुसऱ्या वाचकास दिला आणि १९ च्या रात्री १७ ची परत आताची समजून पुन्हा चढली, तर दुसऱ्या वाचकाचे देणे बंद होते. ग्रंथ त्याच्या घरी असताना तक्त्यात मात्र तो फळीवर दिसतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक शाखेचा शेवटचा चढविलेला अनुक्रमांक लक्षात ठेवणे आणि तेथपर्यंतच्या ओळी पुन्हा न स्वीकारणे. मध्येच अनुक्रमांक गळला असल्यास पुढे न जाता फाइल परत मागवावी लागते.

तिसरी चूक उशिराची. समजा, १८ जून ही मुदत असलेला ग्रंथ १७ रोजी सांगलीत परत झाला; पण त्या रात्री व पुढच्या दोन रात्री सांगलीची फाइल आलीच नाही. साताऱ्याचा संगणक १९ रोजी मुदत उलटल्याचे पत्र काढील व दंड आकारील. म्हणून फाइल पोचण्याच्या दिवसाऐवजी ओळीतील तारखेवरून दंड ठरविला जातो आणि मुदतीच्या दिवसापर्यंतच्या सर्व शाखांच्या फायली आल्याखेरीज पत्रे काढीत नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगली शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. अशा प्रसंगी एखाद्या शाखेची फाइल अनेक दिवस येणे शक्य नसते. तोपर्यंत तिच्याशी संबंध असू शकणाऱ्या सर्वच ग्रंथांचा दंड थांबविणे आणि शाखा बंद असलेले दिवस मुदतीतून वगळणे, एवढेच करता येते.

मर्यादा : रात्रीच्या मेळाने दिवसातील तफावत दूर होत नाही. दोन ग्रंथांची मर्यादा असलेला सभासद सकाळी साताऱ्यात दोन आणि दुपारी सांगलीत दोन ग्रंथ नेऊ शकतो. रात्री हे उघड होते, पण तोपर्यंत ग्रंथ गेलेले असतात. तसेच साताऱ्यात सायंकाळी मागणी नोंदविलेला ग्रंथ त्याच वेळी सांगलीत दुसऱ्यास दिला गेला असेल, तर मागणीस थांबावे लागते. अशा संघर्षात ज्याच्या हाती ग्रंथ आहे त्याचे देणे कायम ठेवणे हाच व्यवहार्य नियम होय.

सर्व शाखा एकाच मध्यवर्ती तक्त्यावर प्रत्यक्ष काम करू लागल्यास ही तफावत नाहीशी होते. राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या ‘ई-ग्रंथालय’ प्रणालीची चौथी आवृत्ती अशाच मध्यवर्ती रचनेची आहे. मात्र तारजोडणी तुटताच शाखेला पुन्हा स्वतःपुरत्या नोंदी करून त्या मागाहून चढवाव्या लागतात. त्या वेळी घटनांचा क्रम, अनुक्रमांक आणि परतीची खरी तारीख यांविषयीचे वरील सर्व नियम पूर्ववत लागू होतात. अशा प्रसंगी परतीची पावती हा वाचकाजवळचा एकमेव पुरावा असल्याने दुसऱ्या शाखेत ग्रंथ परत करणाऱ्यास ती देणे आणि त्याने पुढील मेळ होईपर्यंत ती जपणे इष्ट असते.