आसन सुरेख जमलं म्हणजे पाठ चांगला झाला, असं नाही

योगशिक्षक होऊ पाहणाऱ्यांचे सराव पाठ तपासताना निगडी-आकुर्डीपासून चाकणपर्यंत एक वाक्य सतत कानावर येतं : “आसन बघा किती सुरेख आहे. गुण द्यायला हरकत नाही.” म्हणणारी मंडळी अनुभवी असतात, मन लावून साधना करणारी असतात, म्हणून हे वाक्य जास्त खटकतं. या समजुतीमुळे चुकीची माणसं उत्तीर्ण होतात. चटईवरच्या साधकांची कंबर मात्र दुखत राहते.

गैरसमज : ज्याचं आसन उत्तम, त्याचा पाठ उत्तम

वस्तुस्थिती अशी, की आसन करणं आणि आसन शिकवणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळानेही प्रात्यक्षिक परीक्षेत आसन करून दाखवणं आणि शिकवणं यांचा वेगवेगळा विचार केला आहे. तरीही परीक्षक प्रशिक्षणार्थीकडे तोंड करून खुर्चीवर बसतो आणि त्याच्या हातापायांकडे बघत राहतो. पाठाचा परिणाम तर त्याच्या समोर उभ्या असलेल्या साधकांच्या शरीरात घडत असतो.

पादहस्तासनाचं उदाहरण घेऊ. सरकारी सामान्य योग अभ्यासक्रमातलं हे आसन आहे, त्यामुळे बहुतेक प्रशिक्षणार्थी ते पाठासाठी निवडतात. समजा, दोन प्रशिक्षणार्थींना दहा-दहा मिनिटं दिली आहेत आणि दोघांसमोर तेच तीन साधक आहेत. पहिले चाकणच्या सुट्या भागांच्या कारखान्यात लाइनवर काम करणारे पंचेचाळिशीचे गृहस्थ. त्यांच्या मांड्यांचे मागचे स्नायू आखडलेले आहेत. दुसऱ्या उच्च रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या बाई. तिसरी कॉलेजात जाणारी, भलतीच लवचीक मुलगी.

पहिला प्रशिक्षणार्थी आसन देखणं करतो. तळवे जमिनीला, कपाळ गुडघ्यांना. तोंडाने तो सांगतो, “गुडघे ताठ, पाठ सरळ, कपाळ गुडघ्याला लावायचा प्रयत्न करा.” या सूचनांनी तिघांचं काय होतं ते बघा.

मांडीच्या मागचे स्नायू बसायच्या हाडांपासून सुरू होऊन गुडघ्याच्या खाली जातात. गुडघा ताठ ठेवला की ते आधीच ताणलेले असतात. ज्याचे स्नायू आखडलेले आहेत, त्याची कटी पुढे झुकूच शकत नाही, कारण हे स्नायू तिला मागून धरून ठेवतात. मग उरलेलं सगळं वाकणं कमरेच्या मणक्यांवर येतं. गृहस्थांची पाठ कमानीसारखी गोल होते, हात नडगीपर्यंत कसेबसे पोचतात, श्वास अडकतो, चेहरा लाल होतो. “पाठ सरळ” ही सूचना त्यांनी ऐकलेली असते. ताठ गुडघ्यांनी ती पाळणं मात्र त्यांच्या शरीराला शक्यच नसतं. बाईंचं डोकं हृदयाच्या खाली गेलेलं असतं, आणि “चला, वर या” म्हटल्यावर त्या झटकन उठतात व त्यांना भोवळ येते. लवचीक मुलगी गुडघे मागे ढकलून कुलूप लावल्यासारखी उभी राहते. तिच्याकडे बघून सगळे खूश होतात, पण तिच्या गुडघ्याच्या मागच्या बाजूवर विनाकारण ताण येत असतो.

दुसऱ्या प्रशिक्षणार्थीचे स्वतःचे हात नडगीच्या खाली पोचत नाहीत. पण सुरुवातीलाच तो विचारतो : कुणाची कंबर दुखते का, रक्तदाब किंवा काचबिंदू आहे का, कुणाला चक्कर येते का? अभ्यासक्रमात या आसनाबद्दल हृदयविकार, पाठीच्या तक्रारी, हर्निया, काचबिंदू, चक्कर आणि गरोदरपण यांत सावधगिरी सांगितली आहे. पाठ करून ती यादी म्हणून दाखवणं सोपं असतं. समोरच्या तिघांपैकी कुणाला काय लागू आहे, हे त्यांनाच विचारून घेतलं तरच ती उपयोगी पडते.

मग तो गृहस्थांना भिंतीकडे पाठ करून, भिंतीपासून वीतभर पुढे उभं करतो. “गुडघे थोडे सैल सोडा. आता कुल्ले मागच्या भिंतीला टेकवा.” एवढंच. दोन सूचना, त्याही एकामागून एक. कुल्ले मागे गेले की कटी आपोआप जांघेतून झुकते आणि पाठ लांब राहते. इथेच थांबून हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवायचे. त्या दिवशी त्यांचं पादहस्तासन तेवढंच. बाईंनाही खुर्ची, डोकं हृदयाच्या वर, आणि उठताना हात मांडीवर ठेवून दोन-तीन श्वास घेत सावकाश. मुलीला तो गुडघ्यांतलं कुलूप काढायला सांगतो, वजन टाचांवरून पूर्ण तळव्यावर आणायला सांगतो आणि जमिनीला हात लावायच्या ऐवजी पोटऱ्यांशी थांबून पाच श्वास टिकवायला लावतो. तिच्यासाठी हे जास्त कठीण आहे. आसनाची अवघडपणाची पातळी बदलायची म्हणजे फक्त कमी करायची असं नसतं. ज्याला सगळं सहज जमतं, त्याला नियंत्रणाचं काम द्यावं लागतं.

“पाठ सरळ” म्हटल्यावर काहीच हललं नाही आणि “भिंतीला टेकवा” म्हटल्यावर शरीर बदललं, हा योगायोग नाही. हालचाल शिकवण्यावर गॅब्रिएल वुल्फ यांनी बरंच संशोधन केलं आहे. लक्ष शरीराच्या अवयवावर ठेवण्यापेक्षा हालचालीच्या बाहेरच्या परिणामावर ठेवलं तर हालचाल बहुतेक वेळा चांगली जमते, असं त्यातून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. भिंत, खुर्ची, जमीन या गोष्टी साधकाला दिसतात आणि जाणवतात. स्वतःची कटी मात्र त्याला दिसत नाही.

तेव्हा परीक्षकाने बसायचं कुठे? साधकांच्या बाजूला, काटकोनात. समोरून पाठ गोल झालेली दिसत नाही, बाजूने लगेच दिसते. सूचना ऐकल्यावर तीन गोष्टी बघायच्या : शरीर जांघेतून वाकतंय की कमरेतून, श्वास चालू आहे की अडकला आहे, आणि सूचनेनंतर काही सेकंदांत काही बदललं का. बदललं नसेल तर प्रशिक्षणार्थी दुसरे शब्द वापरतो का, की तीच सूचना मोठ्या आवाजात पुन्हा देतो? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात बोलकं असतं.

एक स्थानिक गोष्ट, जी पाठात हमखास सुटते

आपल्या पट्ट्यातले साधक शिफ्टमध्ये काम करतात. फर्स्ट शिफ्टवाला संध्याकाळी येतो. नाइट करून आलेला दिवसभर झोपून संध्याकाळी उठतो आणि थेट वर्गाला येतो. मणक्यांमधल्या चकत्या झोपेत पाणी शोषून फुगतात, म्हणून उठल्यावर आपली उंची थोडी जास्त भरते. उभं राहिल्यावर पहिल्या तासाभरात ती बरीचशी उतरते. या तासात पुढे वाकल्यास चकतीवर येणारा ताण नंतरच्या मानाने बराच जास्त असतो, हे ॲडम्स, डोलन आणि हटन यांनी १९८७ मध्ये मांडलं. १९९८ मध्ये स्नूक आणि सहकाऱ्यांनी कंबरदुखीच्या जुन्या रुग्णांना सकाळी लवकरच्या वेळेत वाकणं टाळायला सांगितलं आणि त्यांच्या वेदना कमी झाल्याचं दाखवलं.

यावरून सकाळी पुढे वाकणारी आसनं बंद करा असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो एवढाच, की कंबरदुखी असलेल्या माणसाला उठल्याउठल्या खोल वाकायला लावू नये. घड्याळात संध्याकाळचे सात वाजले असले तरी नाइटवाल्यासाठी ती सकाळच आहे. म्हणून “झोपून उठून किती वेळ झाला?” हा प्रश्न विचारणारा प्रशिक्षणार्थी मला आसन पाठ केलेल्या दहांपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

आणखी काही गैरसमज, थोडक्यात

“दुखलं म्हणजे लागू पडतंय.” स्नायूचा ताण मधोमध, पसरलेला जाणवतो. सांध्यात टोचणं, मुंग्या येणं, पायात उतरणारी कळ ही थांबण्याची खूण आहे, आणि पाठात हा फरक बोलून सांगितलाच पाहिजे.

“साधनं कमजोरांसाठी असतात.” पट्टा, ठोकळे आणि खुर्ची यांचा पद्धतशीर वापर बी. के. एस. अय्यंगार यांनी इथून तासाभराच्या अंतरावर पुण्यात विकसित केला. ते स्वतः साधनं वापरत.

“हात लावून दुरुस्त केल्याशिवाय साधक आसन शिकत नाही.” आधी शब्द, मग करून दाखवणं, मग साधन, आणि हात सगळ्यात शेवटी, तोही विचारून आणि हलका. गोल झालेल्या पाठीवर वरून दाब देणारा प्रशिक्षणार्थी माझ्याकडे अनुत्तीर्ण होतो.

“शिक्षकाने ‘उजवा’ म्हणताना आपला उजवाच वापरावा.” वर्गाकडे तोंड करून उभं असाल तर आरशासारखं करा. तोंडाने उजवा म्हणायचं आणि स्वतःचा डावा हलवायचा.

“योगात इजा होतच नाही” आणि “योग धोकादायक आहे.” दोन्ही चूक. होल्गर क्रॅमर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये योगातल्या इजांची तोवर प्रसिद्ध झालेली ७६ प्रकरणं तपासली. त्यांत शीर्षासन, सर्वांगासन आणि पद्मासन ही नावं वारंवार आली. त्याच क्रॅमर यांनी २०१५ मध्ये चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा योग इतर व्यायामांइतकाच सुरक्षित निघाला. धोका ठरावीक आसनांत आणि ठरावीक शरीरांत असतो, आणि तो ओळखायला शिकवणं हाच प्रशिक्षणाचा उद्देश आहे.

मग गुण कसे द्यायचे?

मी पाठ संपल्यावर प्रशिक्षणार्थीला तीनच प्रश्न विचारतो. तिघांपैकी कुणाची ठेवण तुझ्या सूचनेने बदलली आणि कुणाची नाही? कुणाला तू काय करू दिलं नाहीस, आणि का? पुढच्या वेळी हेच आसन त्यांना द्यायचं असेल तर कुणासाठी काय बदलशील? वरच्या उदाहरणातला दुसरा प्रशिक्षणार्थी याची उत्तरं साधकांकडे बोट दाखवून देईल. पहिला स्वतःच्या आसनाबद्दल बोलेल.

दहा मिनिटांच्या पाठात सगळं कळत नाही, हे खरं आहे. तीन साधकांवरून वीस जणांचा वर्ग सांभाळता येईल की नाही, याचा अंदाजच करता येतो. म्हणून पहिला पाठ ओळखीच्या सहाध्यायींवर घेऊ द्यावा आणि दुसरा अनोळखी, वेगवेगळ्या वयाच्या साधकांवर. सहाध्यायी आसन आधीच जाणतात, त्यामुळे चुकीच्या सूचनेवरही ते बरोबर उभे राहतात. सूचना खरोखर काम करते का, हे कळतं ते आयुष्यात पहिल्यांदा चटईवर आलेल्या माणसावर. अशा माणसासमोर घेतलेल्या पाठाशिवाय कुणालाही शिक्षक म्हणून प्रमाणपत्र देऊ नये.