दशांशाची गाडी फिरून तिथेच का येते? (एपिसोडचं लेखी रूप)

पुसदहून पुन्हा एकदा तुमच्या कानात. आजच्या भागात थोडं गणित आहे, त्यामुळे शक्य असेल तर हाताशी कागद ठेवा.

मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर १ भागिले ७ करा. ०.१४२८५७१४२८५७... असं काहीतरी दिसेल. १४२८५७ हे सहा अंक परत परत येतात. शाळेत याला आपण 'आवर्ती दशांश' म्हणायचो. पण ते परत का येतात? आणि सहाच का, आठ का नाही?

याचं उत्तर उत्तरातल्या अंकांत नाही, बाकीत आहे. हाताने भागाकार करून पाहू. १ ला ७ ने भाग जात नाही, म्हणून शून्य जोडून १० केले. ७ एके ७, बाकी ३. मग ३० झाले, ७ चोक २८, बाकी २. मग २०, बाकी ६. ६०, बाकी ४. ४०, बाकी ५. ५०, बाकी १. आता थांबा. आपण १ पासूनच सुरुवात केली होती ना? म्हणजे पुढे पुन्हा १० येणार, पुन्हा ३ उरणार, आणि सगळं जसंच्या तसं घडणार.

कारण साधं आहे. पुढचा अंक काय येणार हे फक्त आत्ताची बाकी ठरवते. मागे काय झालं याच्याशी तिला घेणंदेणं नाही. आणि ७ ने भागताना बाकी १ ते ६ यापैकीच उरू शकते. ० उरली तर भागाकार तिथेच संपतो. सहाच जागा असतील तर सातव्या पावलाला कुठली तरी जुनी जागा येणारच. म्हणून छेद n असेल तर आवर्तन जास्तीत जास्त n - १ अंकांचं. त्याहून मोठं होऊच शकत नाही.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. अंक परत आला म्हणजे आवर्तन सुरू झालं असं नाही, बाकी परत यायला हवी. १/१७ घ्या: ०.०५८८२३५२९४११७६४७... इथे तिसऱ्या-चौथ्या जागी लागोपाठ ८ आलेत. पण पहिल्या ८ नंतर बाकी १४ आहे आणि दुसऱ्या ८ नंतर ४. आवर्तन पूर्ण सोळा अंकांचं आहे, आणि फोनच्या स्क्रीनवर तेवढे अंक मावले नाहीत तर ते दिसणारही नाही.

मग १३ चं काय? बारा अंक यायला हवेत, पण १/१३ = ०.०७६९२३०७६९२३..., म्हणजे सहाच. बाक्या बघा: १, १०, ९, १२, ३, ४ आणि परत १. उरलेल्या सहा बाक्या कुठे गेल्या? २/१३ करून बघा: २, ७, ५, ११, ६, ८ आणि परत २. म्हणजे बारा बाक्यांच्या दोन वेगळ्या रिंगा झाल्या, सहा-सहाच्या. एका रिंगेतली गाडी दुसरीत जातच नाही. छेद मूळ संख्या असेल (२ आणि ५ सोडून) तर या सगळ्या रिंगा सारख्याच लांबीच्या असतात, कारण पहिल्या रिंगेतल्या प्रत्येक बाकीला २ ने गुणून १३ ने भागलं, की जी बाकी उरते तीच दुसरी रिंग. म्हणून आवर्तनाची लांबी p - १ ला पूर्ण भाग देते.

देवळालीला शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर याच चक्रांच्या नादी लागले होते. 'सायकल्स ऑफ रिकरिंग डेसिमल्स' नावाचं त्यांचं पुस्तकच आहे.

२ आणि ५ का सोडले? कारण १० त्यांनीच बनतो. १/८ = ०.१२५, इथे बाकी ० होऊन खेळ संपतो. १/१२ मध्ये बाक्या १, १०, ४, ४, ४... अशा येतात, म्हणून ०.०८३३३... सुरुवातीचे ०८ परत येत नाहीत, ३ मात्र सुटत नाही. छेदातले २ आणि ५ सुरुवातीचा तुकडा ठरवतात, उरलेला ३ आवर्तन ठरवतो.

कोड लिहिणाऱ्यांसाठी:

```python
def period(n):
    seen, r, i = {}, 1, 0
    while r and r not in seen:
        seen[r] = i
        r = r * 10 % n
        i += 1
    return i - seen[r] if r else 0
```

यात `1/n` कुठेच नाही, हे बघा. फ्लोटमध्ये साधारण १५-१६ अंकच खरे असतात, त्यामुळे तिथे आवर्तन शोधायला गेलात तर फसाल. बाकी पूर्णांक असते, ती खोटं बोलत नाही.

गंमत म्हणजे ७, १७, १९, २३ यांसारख्या पूर्ण p - १ लांबी देणाऱ्या मूळ संख्या अनंत आहेत का, हे अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. तोवर तुम्ही १९ हाताने करून बघा. अठरा बाक्या यायला हव्यात. भेटू पुढच्या भागात!