४८ हजार बिलांतून १६०

ऑडिटला आलेला आर्टिकल 'कुठलीही शंभर-दीडशे बिलं काढा' म्हणाला, की अकाउंटंट वरची, नीट लावलेली फाइल पुढे सरकवतो. यात लबाडी असेलच असं नाही, पण तो नमुना रँडमही नसतो.

एक काल्पनिक कंपनी घेऊ. वर्षभरात खरेदीची ४८,००० बिलं, एकूण ५० कोटी रुपयांची. त्यांपैकी ४१,००० बिलं दहा हजारांच्या आतली आणि सगळी मिळून जेमतेम ८ कोटींची. सरसकट चिठ्ठ्या टाकल्या, तर हाती बहुतेक चहा-स्टेशनरीचीच बिलं येतील. म्हणून आधी रकमेनुसार गट पाडायचे. दहा लाखांवरची ४० बिलं आहेत, ८ कोटींची. ती सगळीच तपासायची. उरलेली १२० बिलं रकमेच्या प्रमाणात वाटायची: दहा हजारांपर्यंतच्या ८ कोटींतून २३, दहा हजार ते एक लाखाच्या १९ कोटींतून ५४ आणि एक ते दहा लाखांच्या १५ कोटींतून ४३. क्रेडिट नोटांची रक्कम उणे असते, म्हणून त्या आधीच बाजूला काढून वेगळ्या तपासाव्यात. नाहीतर त्या मुकाट्याने सर्वांत लहान गटात जाऊन बसतात.

आता निवड. एक्सेलमधलं `RAND()` शीट हलली की आकडे बदलतं. कालचा नमुना आज दाखवता येत नाही. त्यापेक्षा प्रोग्रामला एक सुरुवातीचा आकडा, म्हणजे सीड, द्यावा:

```python
df = df.sort_values("voucher_no")
g = df[df["band"] == 2]
s = g.sample(n=54, random_state=7315)
```

सीड तोच, पण यादीचा क्रम बदलला, तर बिलं वेगळी निघतात. म्हणून पहिली ओळ महत्त्वाची. क्रम व्हाउचर नंबरावर लावायचा. बिल नंबरावर नाही, कारण दोन पुरवठादारांचा बिल नंबर एकच असू शकतो. मूळ फाइल गोठवून ठेवायची. सीड, गटांच्या सीमा आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती वर्किंग पेपरमध्ये लिहायची. आणि सीड यादी उघडण्याआधी ठरवायचा. मनासारखी बिलं येईपर्यंत सीड बदलत बसणारा ऑडिटर रँडमच्या नावाखाली हवी तीच बिलं निवडतो, आणि कागदावर ते कुणाला दिसतही नाही.

निष्कर्षही गटागटानेच काढायचा. दुसऱ्या गटातल्या ५४ बिलांची रक्कम १६ लाख आणि त्यांत ३२ हजार जादा दिलेले आढळले, तर ते २ टक्के त्या गटाच्या १९ कोटींना लावायचे: अंदाजे ३८ लाख. संपूर्ण ५० कोटींना नाही. तोही अंदाजच; ५४ बिलांवर उभा असल्याने खरा आकडा बराच मागेपुढे असू शकतो.

निवडलेलं एखादं बिल फाइलमध्ये सापडलं नाही, तर 'त्याऐवजी पुढचं घ्या' ही सूचना मान्य करू नये. त्या खर्चाचा दुसरा पुरावा मागावा. तोही नसेल, तर ते बिल चूक म्हणूनच मोजावं.