पत्त्यातले शेवटचे १२ बिट

प्रोग्रॅमला मेमरीतली एक संख्या हवी आहे आणि तिचा पत्ता तो सांगतो `0x7F3A5C2D1A48`. हा पत्ता व्हर्च्युअल, म्हणजे फक्त त्या प्रोग्रॅमपुरता खरा. रॅममधली जागा वेगळीच असते. इंटेलच्या स्कायलेक पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ती कशी सापडते, ते पाहू. लिनक्सवर `/proc/cpuinfo` उघडलं, की तिथे ही ओळ दिसते:

```
address sizes : 39 bits physical, 48 bits virtual
```

मेमरीची वाटणी ४ केबीच्या पानांमध्ये होते. ४०९६ म्हणजे २ चा १२ वा घात, म्हणून पानातली जागा सांगायला १२ बिट लागतात. ४८ मधले उरलेले ३६ बिट हा पानाचा क्रमांक. वरच्या लिखाणात एक अक्षर चार बिटांचं असल्यामुळे शेवटची तीन अक्षरं, `A48`, ही पानातली जागा आणि `7F3A5C2D1` हा पानाचा क्रमांक.

कोणतं पान रॅममध्ये कुठे आहे, याच्या अलीकडच्या नोंदी टीएलबी नावाच्या छोट्या तक्त्यात असतात. त्यात ६४ नोंदी, चार-चारच्या १६ संचांत. संच निवडायला ४ बिट पुरतात: शेवटचं अक्षर `1`, म्हणजे संच क्रमांक १. राहिलेले ३२ बिट, `7F3A5C2D`, हे ओळखचिन्ह त्या संचातल्या चारही नोंदींशी ताडून पाहिलं जातं. जुळलं, तर खऱ्या पानाचा २७ बिटांचा क्रमांक मिळतो, समजा `12B7E4`. त्याला `A48` जोडलं, की झाला खरा पत्ता: `0x12B7E4A48`. २७ आणि १२ मिळून ३९.

नोंद इथे नसेल, तर आधी दुसऱ्या, मोठ्या टीएलबीत शोध होतो. तिथेही नसेल, तर ३६ बिटांचे नऊ-नऊचे चार तुकडे करून रॅममधल्या चार पातळ्यांच्या तक्त्यांतून वाट काढावी लागते.

मला या रचनेतली सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट कॅशमध्ये आहे. पहिल्या पातळीची कॅश ३२ केबीची, ६४ बाइटच्या ओळींची, एका संचात आठ ओळी. म्हणजे ६४ संच. ओळीतला बाइट सांगायला ६ बिट, संच सांगायला ६ बिट. बेरीज नेमकी १२! हे १२ बिट भाषांतरात बदलतच नाहीत. म्हणून टीएलबीच्या उत्तराची वाट न पाहता कॅश कामाला लागते. `A48` म्हणजे `101001 001000`: संच ४१, बाइट ८. टीएलबीकडून `12B7E4` येईपर्यंत त्या संचातल्या आठही ओळींची ओळखचिन्हं समोर तयार असतात. खऱ्या पत्त्याचे वरचे २७ बिट त्यांच्याशी जुळले, की संख्या मिळाली.

नाहीच जुळले, तर पुढच्या दोन कॅश आणि शेवटी रॅम. रॅममधून एकटी संख्या येत नाही. `0x12B7E4A40` पासूनची ६४ बाइटची अख्खी ओळ येते.

आठ ओळींचे संच ठेवून हीच कॅश ६४ केबीची केली, तर संच १२८ होतात आणि सातवा बिट पानाच्या क्रमांकातून घ्यावा लागतो. मग एक तर टीएलबीसाठी थांबा, नाही तर दोन व्हर्च्युअल पत्त्यांनी पोचता येणारी एकच ओळ दोन संचांत राहण्याचा धोका सांभाळा. इंटेलने पुढे आइस लेकमध्ये ही कॅश ४८ केबीची केली, तेव्हा संच ६४ च ठेवले आणि प्रत्येक संचात आठऐवजी बारा ओळी घातल्या.