आजीची भाषा नातवापर्यंत का पोचत नाही?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: परदेशात वाढणाऱ्या मुलांना मराठी समजतं, पण ती बोलत का नाहीत? आज त्यावरच बोलू.

आधी तीन पिढ्यांचा हिशोब. पहिली पिढी मोठेपणी स्थलांतर करते. घरची भाषा पक्की, नवी भाषा कामापुरती. दुसरी पिढी दोन्ही भाषा शिकते, पण शाळा, मित्र, नोकरी सगळं नव्या भाषेत. तिसऱ्या पिढीला बहुतेक वेळा एकच भाषा येते. दक्षिण कॅलिफोर्नियात रुबेन रुम्बाउट, डग्लस मॅसी आणि फ्रँक बीन यांनी याचा अभ्यास केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे आईवडील अमेरिकेत जन्मले, पण किमान तीन आजीआजोबा बाहेरून आले होते, अशा मेक्सिकन वंशाच्या लोकांपैकी साधारण १७ टक्केच स्पॅनिश चांगलं बोलत होते. आणि हे कुठे, तर मेक्सिकोच्या सीमेलगत, जिथे रेडिओपासून दुकानापर्यंत स्पॅनिश ऐकू येतं! रस्त्यावर स्पॅनिश टिकलेली दिसते, कारण नवी माणसं येत राहतात. घराघरात मात्र ती विझत असते.

मग साखळी तुटते कुठे? तिसऱ्या पिढीत नाही, दुसऱ्या पिढीच्या बालपणात. भाषा समजणं आणि बोलणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. ज्याला फक्त समजतं, तो मोठा होऊन स्वतःच्या बाळाशी त्या भाषेत बोलत नाही. मग बाळाच्या कानावर पडणार काय?

आता बेल्जियमकडे वळू. तिथल्या डच बोलणाऱ्या फ्लँडर्स भागात अनिक डी हाउवर या संशोधिकेने जवळजवळ १,९०० कुटुंबांकडून प्रश्नावली भरून घेतली. या सगळ्या घरांत निदान एक पालक डचखेरीज दुसरी भाषा बोलत होता. तरी साधारण चारातल्या एका घरात मुलं ती भाषा बोलत नव्हती. खरी गंमत घराच्या रचनेत आहे. दोघंही पालक घरात ती भाषा बोलत असतील आणि जास्तीत जास्त एकच जण डचही वापरत असेल, तर ९० टक्क्यांहून जास्त घरांत मुलं ती बोलत होती. 'एक पालक, एक भाषा' या गाजलेल्या पद्धतीत हे प्रमाण सुमारे ७४ टक्क्यांवर आलं. आणि एक पालक फक्त डच, दुसरा दोन्ही भाषा बोलणारा असेल, तर साधारण ३६ टक्क्यांवर. म्हणजे ज्या पालकाची भाषा बाहेर बोलली जात नाही, त्यानेच ती मध्येमध्ये सोडली की घसरण मोठी होते. अर्थात ही प्रश्नावली आहे. कोण किती तास बोललं, हे तिच्यातून कळत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे उत्तराची. समजा, न्यू जर्सीतल्या मराठी घरात तीन वर्षांची मुलगी नुकतीच डेकेअरला जायला लागली आहे. आई विचारते, "दूध हवं का?" ती म्हणते, "नो, ज्यूस." आईने ज्यूस दिला, तर मुलीला कळतं की इंग्रजीवर काम भागतं. एलिझाबेथ लान्झा यांनी नॉर्वेत वाढणाऱ्या, अमेरिकन आई असलेल्या मुलांच्या बोलण्याचा अभ्यास करून पालकांच्या अशा प्रतिसादांची एक उतरंड मांडली. एका टोकाला "काय म्हणालीस? कळलं नाही" असं म्हणणं. मग "रस हवाय का?" असा अंदाज विचारणं. मग फक्त "अच्छा, रस!" एवढं म्हणणं. पुढे काहीच न बोलता संभाषण चालू ठेवणं, आणि शेवटी आपणच इंग्रजीत उतरणं. पहिल्या दोन प्रकारांत मुलाला घरच्या भाषेत उत्तर द्यावं लागतं, शेवटच्या दोनांत लागत नाही. "कळलं नाही" हे मात्र फार ताणू नका. मूल रडकुंडीला आलं, तर ते बोलणंच टाळेल. रोजच्यासाठी दुसरा प्रकार सोयीचा: शब्द तुम्ही पुरवा, वाक्य तिला बोलू द्या.

तिसरी गोष्ट, थोरलं भावंडं. थोरला शाळेत जायला लागला की इंग्रजी घरात आणतो, आणि धाकट्याच्या कानावर ती पहिल्या वर्षापासून पडते. म्हणून एकाच घरात थोरला मराठी बोलतो आणि धाकटी फक्त ऐकते, असं दिसतं. यात धाकटीचा आळस नाही, तिला मिळालेलं घरच वेगळं आहे. त्यामुळे धाकट्याशी वेगळा, एकट्याचा वेळ लागतो. इंग्रजी न येणारी आजी दोन-तीन महिने राहायला आली तर उत्तमच, कारण तिच्यापुढे इंग्रजीत भागत नाही.

तुमच्या घराचं नेमकं काय चाललंय, हे तपासायला एक सोपी चाचणी. आठवडाभर, तुम्ही मराठीत विचारलेल्या प्रश्नांपैकी किती उत्तरं मराठीत आली, आणि मुलं आपापसात कुठली भाषा बोलतात, एवढंच लिहून ठेवा. मुलाला किती समजतं हे मोजू नका. तो आकडा शेवटपर्यंत छान दिसतो आणि फसवतो.

तुमची नोंद आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!