पाठ एकच, चेंडू किती?

वैभव सूर्यवंशीने चौदाव्या वर्षी आयपीएलमध्ये ३५ चेंडूंत शतक ठोकलं. तेव्हापासून क्रिकेट अकादम्यांच्या दारात आईबाबा एकच विचारताहेत: फुटबॉल, पोहणं सगळं बंद करून याला आता क्रिकेटलाच जुंपू का? पण सूर्यवंशी फलंदाज आहे. ज्यांचं पोर वेगवान गोलंदाजी करतं, त्यांनी सूर्यवंशीकडे बघून काहीही ठरवू नये.

गोलंदाज पुढचा पाय आपटून चेंडू सोडतो, त्या क्षणी त्याची कंबर मागे वाकते, बाजूला झुकते आणि पिळवटतेही. वाढीच्या वयात कमरेच्या मणक्यांच्या मागचा हाडाचा अरुंद भाग पुरता पक्का झालेला नसतो. त्याला भरून यायला उसंत न देता तोच पीळ रोज बसला, तर तिथे बारीक तडा जातो.

म्हणून इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने वयानुसार मर्यादा आखून दिल्या. तेरा वर्षांखालच्यांनी सलग पाच आणि दिवसात दहा षटकंच टाकावीत, जास्त नाही. सराव आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी ३० चेंडूंचा. आता आपल्याकडचा बारा वर्षांचा मुलगा घ्या. अकादमीत चार दिवस रोज ५० चेंडू, शनिवारी शाळेची मॅच, रविवारी क्लबची, दोन्हीकडे आठ-आठ षटकं. आठवड्याचे झाले २९६ चेंडू. मॅचची षटकं मर्यादेत बसतात. सरावाचे चेंडू मात्र ६०च्या जागी २००. शाळेचे सर, क्लबचे सर, अकादमीचे सर आपापलंच मोजतात. बेरीज घरीच करावी लागते, तीही वहीत लिहून.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की एकाच खेळाची निवड पंधरा-सोळापर्यंत लांबवावी आणि वर्षातले तीन महिने, सलग नसले तरी, त्या खेळापासून सुट्टी घ्यावी. जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळात लवकर सुरुवात करावी लागते, पण वेगवान गोलंदाजीत तशी घाई नाही. मात्र दुसरा खेळ म्हणून टेनिस किंवा भालाफेक निवडली, तर सर्व्हिस करताना आणि भाला फेकताना पुन्हा तीच कंबर वाकते. त्यापेक्षा फुटबॉल बरा.

कमरेत एकाच बाजूला, उजव्या हाताच्या गोलंदाजाला बहुधा डावीकडे, दुखायला लागलं, तर ‘लचक भरली असेल’ म्हणून बाम चोळत बसू नका. एका पायावर उभं राहून मागे वाकल्यावर कळ येत असेल, तर त्याच दिवशी गोलंदाजी थांबवा. सुरुवातीचा तडा साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे एमआरआयबद्दल डॉक्टरांना विचारा. वेळीच सापडला तर काही महिन्यांच्या विश्रांतीने तो बहुधा भरून येतो. तेवढ्या काळात येणारी निवड चाचणी सोडून द्यावी लागेल.