एक पौंड, दूध फुकट

१९ सप्टेंबर १९७०. इंग्लंडच्या सॉमरसेटमधल्या पिल्टन गावातल्या वर्दी फार्मवर मायकेल एविस या दूधवाल्या शेतकऱ्याने गाण्याचा जलसा ठेवला. शेतावरचं कर्ज फिटावं हा साधा हिशेब. तिकीट एक पौंड, वर गोठ्यातलं दूध फुकट. माणसं आली जेमतेम दीड हजार. ‘द किंक्स’ने ऐनवेळी नकार दिल्यावर मार्क बोलन गायला आला. कर्ज फिटणं राहिलं बाजूला, उलट खिशाला खार लागला. पुढच्या वर्षी तर तिकीटच नव्हतं!

याच जलशाचा पुढे ग्लास्टनबरी महोत्सव झाला. त्याचा खरा कायापालट मात्र एका कुंपणाने केला, असं मला वाटतं. कुंपणावरून उड्या मारून आत शिरणं हा तिथे जणू रिवाजच होता. २००० साली परवानगी एक लाखाची होती, आत अंदाजे अडीच लाख माणसं शिरली. त्याच वर्षी डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात चेंगराचेंगरीत नऊ जण दगावले होते. ग्लास्टनबरीने २००१ची खेप रद्द केली. २००२मध्ये सुमारे दहा लाख पौंड खर्चून उंच पोलादी कुंपण उभं राहिलं आणि सुरक्षेची व्यवस्था ‘मीन फिडलर’ या व्यावसायिक कंपनीकडे गेली. २००७पासून तिकिटावर घेणाऱ्याचा फोटोही आला.

२०२५चं तिकीट ३७३ पौंड ५० पेन्सचं होतं, तेही पाऊण तासाच्या आत संपलं. दर काही वर्षांनी मात्र एक वर्ष महोत्सव भरत नाही. जमिनीला विश्रांती हवी असते, आणि गाईंना गवत.